अंगठ्याच्या बेचकीतला स्पर्श

त्या दिवशी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी मी चहाचं आधण ठेवत होते. वेळ एवढी नेमकी आठवते, कारण नंतर दिवसभर जो भेटेल तो डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारत होता, "दुखायला किती वाजता लागलं?" डाव्या पोटरीवर कुणीतरी मागून काठीचा तडाखा हाणावा तशी कळ आली. मी वळून पाहिलंसुद्धा. मागे कुणी नव्हतं. ओट्याला धरून उभी राहिले, मग तिथेच फरशीवर बसले.

मी त्रेपन्न वर्षांची, वाईजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. लहानपणी घसा आणि सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची एक झडप आकसली. एकतिसाव्या वर्षी फुगा घालून ती मोठी केली होती. गेल्या चार वर्षांपासून ठोके अनियमित झाले, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. 'होती' म्हणते, कारण दाढ काढायची म्हणून मी ती स्वतःच्या मनाने थांबवली. दाढ निघाली, जखम भरली, शाळेत परीक्षेचे पेपर आले, आणि गोळी पुन्हा सुरू करायची राहून गेली. एकूण अठरा दिवस. डॉक्टरांना न विचारता थांबवली ही चूक माझीच.

ह्यांना वाटलं पेटका आला. ह्यांनी तेल लावून पोटरी चोळली, जाऊबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणली. पेटका चोळला की सुटतो, हा सुटेना. अर्ध्या तासात पाऊल गार पडलं. पाय गार आहे हे मला स्वतःला कळलं नाही, जाऊबाईंच्या हाताला कळलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, हा पाय माठासारखा लागतोय." गुडघ्याखाली कुठेतरी एक सीमा होती. तिच्या वर पाय उबदार, खाली गार.

साडेसहाला जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, पाय सरळ वर उचलला आणि शीर दबल्याचं सांगून दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. दोन्ही पावलांना एकाच वेळी हात लावून पाहिला असता तर तिथेच कळलं असतं. त्या तासाबद्दल मला अजून वाईट वाटतं. इंजेक्शनने कळ तसूभरही कमी झाली नाही, तेव्हा ह्यांनी आमच्या नेहमीच्या फिजिशियन डॉक्टरांना फोन केला. ते पावणेआठला घरी आले.

त्यांनी केलेली तपासणी मला पाठ झाली आहे. आधी मनगटाची नाडी धरली आणि ठोके वेडेवाकडे पडतायत हे पाहून विचारलं, "ताई, गोळी चालू आहे ना?" मी नाही म्हणून मान हलवली. ते काही बोलले नाहीत. मग दोन्ही पायांवरची चादर काढून पावलं शेजारी शेजारी ठेवली. उजवं नेहमीच्या रंगाचं, डावं मेणबत्तीसारखं पांढरं. नखं दाबली. उजव्या नखात रंग लगेच परतला, डाव्यात मी मनातल्या मनात दहा मोजले तरी आला नाही. पावलावरच्या शिरा फुगलेल्या असायच्या, त्या जागी रिकाम्या पन्हाळीसारख्या खाचा दिसत होत्या. नाडी त्यांनी वरून खाली पाहिली. जांघेत दोन्हीकडे लागत होती, डावीकडे तर जास्तच जोरात, बंद दारावर धडका दिल्यासारखी. गुडघ्यामागे, घोट्याजवळ आणि पावलावर डावीकडे काहीच नाही. उजवीकडे सगळीकडे छान.

मग त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्याने अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचकीत स्पर्श केला. "कळतंय?" मी म्हणाले, "कधी लावताय?" त्यांनी तीनदा लावला होता. बोटं हलवायला सांगितली. हलली, पण थकल्यासारखी.

"पायाला अटॅक आलाय," ते ह्यांना म्हणाले. "हृदयात गुठळी होती, ती सुटून पायाच्या धमनीत अडकली. पुण्याला न्यायचं, आत्ताच." त्यांनी शिरेतून हेपरिनचे ५००० युनिट दिले. अडकलेली गुठळी त्याने विरघळत नाही. तिच्या मागे-पुढे रक्त साचून गोठत जाऊ नये, बारीक फांद्या बंद होऊ नयेत यासाठी ते. ते जितक्या लवकर तितकं बरं, म्हणून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. पिशवी काढून टाकायला लावली. रक्त नसलेल्या पायाला ऊब दिली की त्याची भूक वाढते आणि पुरवायला रक्त नसतं. शिवाय बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. पाय उशीवर ठेवू नका, चोळू नका, तोंडाने काही देऊ नका, एवढं सांगून त्यांनी चिठ्ठीवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुरुवात सकाळी ५.१०. पुण्याच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनांशी ते माझ्यासमोरच फोनवर बोलले.

आठ वीसला ॲम्ब्युलन्स निघाली. सुरूर फाट्याला महामार्गावर लागेपर्यंत मी ओरडत होते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की कळ कमी झाली आहे. मी लेकाला म्हणाले, "बाळा, बरं वाटतंय रे." ॲम्ब्युलन्समधल्या सिस्टरने लगेच विचारलं, "मॅडम, बोटं हलवा बरं." मी हलवली. म्हणजे मला वाटलं, मी हलवली. लेकाने माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि मान फिरवली. घरी हललेली बोटं आता स्थिर होती. कळ कमी झाली होती ती नस बधिर झाल्यामुळे.

हे मला नंतर सर्जनांनी समजावलं. पायाचं रक्त बंद झालं की आधी नसा हार मानतात, मग स्नायू, आणि कातडी सगळ्यात शेवटी. म्हणून वरून कातडी धड दिसत असते आणि आत स्नायू मरत असतो. दुखणं, पांढरेपणा, गारवा, नाडी नसणं ही चार लक्षणं सांगतात की रक्त बंद आहे. बधिरपणा आणि हालचाल बंद पडणं ही दोन सांगतात की वेळ किती उरलाय. बोटांची हालचाल जायला लागली की तासांवर हिशोब येतो. साधारण सहा तासांनंतर स्नायूंची हानी भरून न येणारी होत जाते असं धरतात. ती काही घड्याळातली ठरलेली रेघ नाही, कुणाला कमी मिळतात, कुणाला जास्त. पण माझ्यासारखीला, जिच्या पायाला आधी कधी काही झालंच नव्हतं, जास्त मिळत नाहीत.

पुण्यात पोहोचलो तेव्हा दहा वीस झाले होते. सर्जन तिथल्या तिथे, स्ट्रेचरवरच पाय पाहायला आले. हातात पेनाएवढं डॉपलर यंत्र होतं. उजव्या पावलावर जेल लावून ते टेकवलं की धप्-धप् आवाज यायचा. डाव्या पावलावर नुसती खरखर. मग त्यांनी खालून पाऊल दाबलं तेव्हा एक लांब, वाऱ्यासारखा आवाज आला. तो नीलेचा. नीलेचा आवाज आहे आणि स्नायू लाकडासारखा ताठ झालेला नाही, म्हणजे पाय अजून वाचवण्यासारखा आहे, हे त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना सांगितलेलं मी ऐकलं. पोटरीवर जांभळट जाळी उमटायला लागली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला, ती पुसट झाली. "दाबल्यावर जातेय," ते म्हणाले. ती दाबूनही गेली नसती तर तेवढा भाग मेलेला समजायचा. आणि सगळा पाय तसा झाला असता, नीलेचाही आवाज नसता, तर पाय वाचवायचा प्रयत्न करणंच जिवावर बेतलं असतं. मग मांडीतून पाय काढणं एवढंच हातात उरतं.

ह्यांनी विचारलं, "सीटी स्कॅन नाही करायचा?" सर्जन म्हणाले, "गुठळी कुठे आहे ते जांघेतली नाडीच सांगतेय. धमनी जिथे दोन फाट्यांत दुभंगते तिथे ती अडकलीय. दुसरा पाय धडधाकट, हृदयाचे ठोके अनियमित, गोळी बंद. स्कॅनमध्ये अर्धा-पाऊण तास घालवला तर तो पायाच्या खात्यातून जाईल." रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर १.२ आला होता. माझ्या गोळीवर तो २ ते ३ असायला हवा.

अकरा पाचला थिएटरमध्ये. हेपरिन दिल्यामुळे पाठीत सुई घालून भूल देता येत नव्हती, पूर्ण भूल आकसलेल्या झडपेला जड. म्हणून जांघेतच भुलीचं इंजेक्शन दिलं आणि थोडी गुंगी. मी जागी होते. पडद्यापलीकडे चाललेलं बोलणं ऐकू येत होतं, ओढल्यासारखं जाणवत होतं. जांघेत उभी चीर, साधारण वितीपेक्षा कमी. धमनी उघडी करून तिच्या प्रत्येक फांदीभोवती बारीक फीत घातली होती, हवी तेव्हा आवळायला. धमनीला छोटा छेद दिला आणि त्यातून एक बारीक नळी खाली घातली. तिच्या टोकाला रबराचा इवलासा फुगा असतो. मिटलेल्या फुग्यासह नळी गुठळीच्या पलीकडे सरकवायची, फुगा हलकेच फुगवायचा आणि ओढत परत आणायचा, म्हणजे फुग्यापुढे गुठळी बाहेर येते. जास्त फुगवला तर धमनीचं अस्तर सोलून निघतं, म्हणून फुगवणारा हात आणि ओढणारा हात एकाच माणसाचा लागतो.

"आली," सर्जन म्हणाले. नंतर त्यांनी मला तिचा फोटो दाखवला. गडद तांबडी, काही ठिकाणी पांढुरकी, बोटाएवढी लांब, आणि टोकाला दोन फाटे. धमनी दुभंगते तिथला साचाच जणू. तिच्यानंतर आणखी तीनदा नळी घातली, प्रत्येक वेळी थोडं थोडं निघालं, चौथ्यांदा रिकामी आली आणि खालून रक्त उलटं वाहत बाहेर आलं. ते त्यांना पाहायचं होतं. हेपरिनच्या पाण्याने धमनी धुऊन छेद शिवला, फिती सोडल्या. मला आधी मांडीत, मग पोटरीत गरम पाणी ओतल्यासारखं वाटलं. कुणीतरी पावलावर डॉपलर टेकवलं आणि थिएटरभर धप्-धप् ऐकू आलं. अकरा पन्नास. सहा तास चाळीस मिनिटं.

या नळीला फोगार्टी कॅथेटर म्हणतात. थॉमस फोगार्टी या अमेरिकी डॉक्टरने सर्जन होण्याआधीच ती घडवली आणि १९६३ मध्ये तिच्यावरचा लेख छापून आला. मूत्रनलिकेत घालायच्या नळीला त्याने सर्जरीच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक बांधलं होतं, मासे पकडायच्या गळाला नकली माशी बांधतात त्या गाठीने. त्याआधी धमनी लांबच लांब उघडून गुठळी काढावी लागायची आणि बऱ्याच जणांचा पाय, कित्येकांचा जीवच जायचा. हे मला सर्जनांनी ड्रेसिंग करताना सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता, आणि मीही त्या हातमोज्याच्या बोटाची मनापासून ऋणी आहे.

आम्हाला वाटलं संपलं. ह्यांनी घरी फोनही केला. पण सर्जन पायापाशी येऊन उभे राहत, दर वेळी पोटरी चाचपत. दुपारी तीनच्या सुमाराला पोटरी परत दुखायला लागली, सकाळपेक्षा वेगळी, आतून फुगून फाटेल अशी. पाय गरम, पावलाची नाडी छान लागत होती, पण त्यांनी अंगठा हलकेच खाली वाकवला आणि मी किंचाळले. पोटरी हाताला दगडासारखी लागत होती.

सहा तास उपाशी राहिलेल्या स्नायूला अचानक रक्त मिळालं की तो सुजतो. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि त्या कप्प्यांचं आवरण ताणत नाही. आत सूज वाढते, बाहेर जागा नाही, मग स्नायूतल्या बारीक वाहिन्या आणि नसा आतूनच चिरडल्या जातात. पावलाची नाडी तेव्हाही लागत असते, म्हणून नाडी आहे या समाधानात राहिलं तर फसायला होतं. साडेतीनला मला पुन्हा थिएटरमध्ये नेलं. या वेळी पूर्ण भूल देणं भाग होतं. पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे केले आणि जखमा उघड्याच ठेवल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. पण स्नायू लालबुंद होता, चिमटा लावला की आकसत होता. सर्जनांना हवा होता तो तसाच.

त्या रात्री लघवी चहाच्या रंगाची झाली. मेलेल्या स्नायूंतला तांबूस पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. तो धुऊन काढायला भरपूर सलाईन लागतं. आणि माझी झडप आकसलेली, जास्त पाणी चढलं तर ते फुफ्फुसात साचणार. मूत्रपिंडाला पाणी हवं आणि हृदयाला नको, या ओढाताणीत आयसीयूतली डॉक्टर मुलगी रात्रभर माझ्या पलंगापाशी होती. तासातासाला लघवी मोजत होती, पाठीवर स्टेथोस्कोप लावत होती आणि मॉनिटरवरची रेघ पाहत होती. कारण बंद पायात साचलेलं पोटॅशियम एकदम रक्तात आलं तर हृदय थांबू शकतं. पहाटेपर्यंत लघवीचा रंग उजळला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पलंगावर बारामतीकडचे एक शेतकरी काका आले. तेही पायाच्याच दुखण्याने. चाळीस वर्षं बिडी, त्यात मधुमेह. वर्षभर शेताच्या बांधापर्यंत चाललं की त्यांची पोटरी भरून यायची, थांबलं की उतरायची. तीन दिवसांपूर्वी अंगणातून ओसरीपर्यंतसुद्धा जाववेना आणि रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसायची वेळ आली. तीन दिवस! आणि तरी त्यांची बोटं हलत होती, स्पर्शही बराचसा कळत होता. मी सर्जनांना न राहवून विचारलं, "यांना तीन दिवस मिळाले आणि मला सहा तास, असं का?"

ते म्हणाले, "तुम्ही वाईच्या, कृष्णाकाठच्या. पाट पाहिलेत ना? एखादा पाट वर्षानुवर्षं गाळाने भरत गेला की पाणी आजूबाजूने लहान लहान वाटा काढतं. काकांची धमनी अशी हळूहळू भरत आली होती, त्यामुळे आजूबाजूच्या फांद्या मोठ्या झाल्या. शेवटी अरुंद जागी रक्त जागेवरच गोठलं, तरी त्या फांद्यांवर पाय तग धरून राहिला. तुमचा पाट स्वच्छ वाहत होता. त्यात वरून दगड येऊन पडला. दुसऱ्या वाटा तयारच नव्हत्या." काकांच्या उजव्या, न दुखणाऱ्या पायातही नाडी नव्हती. दोघांतला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, दुसरा पाय पाहा.

उपायही वेगळा निघाला. त्यांचा सीटी अँजिओ केला, कारण तिथे वेळही होता आणि धमनी कुठे किती खराब आहे ते पाहिल्याशिवाय हात घालून उपयोग नव्हता. खडबडीत, जुनाट धमनीत नुसता फुगा ओढला तर ती आणखी सोलून निघते आणि मूळ अरुंद जागा तशीच राहून पुन्हा गोठते. म्हणून दुसऱ्या जांघेतून एक बारीक नळी थेट गुठळीत नेऊन ठेवली आणि तिच्यातून गुठळी विरघळवणारं औषध थेंबथेंब सोडलं. एक दिवस, एक रात्र काका पाठीवर सरळ पडून होते, कूस बदलायची नाही. सिस्टर सारख्या विचारत, डोकं दुखतंय का, बोलताना जीभ अडखळते का, कारण त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी गुठळी विरघळली आणि खालची अरुंद जागा उघडी पडली, तिथे फुगवून स्टेंट बसवला. माझ्यासारख्या पायाला हा उपाय चालला नसता. औषधाला वेळ लागतो, आणि माझ्याकडे तो नव्हता.

माझी एक जखम सहाव्या दिवशी शिवली, दुसरीवर मांडीची कातडी लावली. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात आणखी एक गुठळी दिसली. म्हणून हेपरिनच्या सलाईनवरच गोळी पुन्हा सुरू झाली आणि आयएनआर २ च्या वर टिकल्यावरच हेपरिन थांबवलं. झडपेचं ऑपरेशन पुढे करायचंच आहे. आता घरात कॅलेंडरशेजारी एक वही टांगली आहे, तिच्यात आयएनआर आणि गोळीची मात्रा ह्यांच्या अक्षरात. दात, डोळा, काहीही काढायचं असलं तरी आधी फिजिशियनला फोन, आणि गोळी किती दिवस थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची हे त्यांच्याकडून तारखेसकट लिहून घ्यायचं.

चौथ्या महिन्यात मी शाळेत रुजू झाले. पाऊल थोडं आपटत पडतं, त्यासाठी बुटात प्लास्टिकची पट्टी घालते. अंगठ्याच्या बेचकीत अजून स्पर्श नाही. रोज सकाळी उठण्याआधी मी दोन्ही पावलं एकमेकांवर ठेवून ऊब सारखी आहे का ते बघते, आणि मग बोटाने ती बेचकी चाचपते. परवा पहिल्यांदा तिथे मुंगी चालल्यासारखं वाटलं. पाहिलं, मुंगी नव्हती.